मध्यम आच नेमकी कुठे असते?

पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘मध्यम आचेवर दहा मिनिटं परता.’ आपण शेगडीकडे बघतो. नॉबवर मोठ्या ज्योतीची खूण असते, छोट्या ज्योतीची खूण असते, पण मध्यम असं काही लिहिलेलं नसतं. मग बोटांना जिथे ‘अर्धं’ वाटेल तिथे नॉब थांबवायचा आणि पुढे देवावर हवाला. कांदा कधी दहा मिनिटांत होतो, कधी पंचवीस मिनिटं लागतात, कधी चार मिनिटांत करपतो. दोष पाककृतीचा असतो तसा नॉबच्या रचनेचाही असतो.

बहुतेक शेगड्यांचा नॉब बंद स्थितीतून फिरवला की सगळ्यात आधी मोठी आच येते. तसंच पुढे फिरवत गेलं की ज्योत कमी होत जाते आणि अगदी शेवटी मंद आच लागते. पाण्याच्या नळाची सवय असल्यामुळे ‘जास्त फिरवलं म्हणजे जास्त’ असं हात धरून चालतो आणि नवशिक्यांची पहिली फसगत इथेच होते. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. पेटवताना गॅस भरपूर असला की ज्योत पटकन धरते आणि टिकते. मंद टोकाला गॅस पूर्ण बंद होऊ नये म्हणून आतल्या कॉकमध्ये एक बारीक छिद्र असतं आणि तेवढाच गॅस तिथून जात राहतो. हे छिद्र एका छोट्या स्क्रूने कमी-जास्त करता येतं. तुमच्या शेगडीची ‘मंद’ आच फारच मोठी वाटत असेल किंवा ज्योत सारखी विझत असेल, तर शेगडी दुरुस्त करणारा माणूस हाच स्क्रू फिरवतो. ते काम त्याच्याकडूनच करून घ्यावं.

या दोन टोकांच्या मधे नॉबला कुठेही थांबा नसतो. शिवाय नॉब अर्धा फिरवला म्हणजे गॅस अर्धा झाला, असंही नाही. पुष्कळ शेगड्यांवर बराच वेळ फिरवूनही ज्योत तशीच मोठी दिसते आणि मग शेवटच्या थोड्याशा अंतरात एकदम लहान होते. म्हणून नॉबवरच्या खुणा विसरायच्या आणि वाकून ज्योत बघायची. ज्योतींची टोकं भांड्याच्या बुडाला थडकून कडेकडे पसरत असतील तर ती मोठी आच. टोकं बुडाला जेमतेम टेकत असतील तर मध्यम. ज्योती बर्नरच्या छिद्रांपाशीच छोट्या निळ्या कळ्यांसारख्या उभ्या असतील आणि त्यांच्यात व बुडात मोकळी जागा दिसत असेल तर मंद.

यातही एक गोम आहे. घरगुती शेगडीवरचे बर्नर सारखे नसतात. लहान बर्नर पूर्ण उघडला तर साधारण एक किलोवॅट उष्णता देतो आणि मोठा बर्नर तीन किलोवॅटच्या आसपास. म्हणजे लहान बर्नरची मोठी आच ही मोठ्या बर्नरच्या मध्यम आचेपेक्षाही कमी भरू शकते. उलट बाजूने, मोठा बर्नर अगदी सिमवर आणला तरी तो लहान बर्नरच्या मध्यम आचेइतकी उष्णता देत असतो. तेव्हा पाककृतीतली ‘मध्यम आच’ हे माप नाही, लिहिणाऱ्याने त्याच्या शेगडीवर आणि त्याच्या भांड्यात काय केलं त्याचं ते वर्णन आहे. आपल्याला आपली आच भांड्यात काय चाललंय ते बघूनच ठरवावी लागते. ते कसं बघायचं हे कळायला आधी ज्योत भांड्याला नेमकं काय देते ते समजून घेऊ.

ज्योत लहान केली म्हणजे ती ‘थंड’ झाली, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. मंद ज्योत असो की मोठी, जळणाऱ्या गॅसचं तापमान जवळपास सारखंच असतं, दीड हजार अंशांच्याही पुढे. बदलतं ते हे, की दर सेकंदाला किती गॅस जळतोय. थोडक्यात, नॉबने आपण उष्णता पोचण्याचा वेग ठरवतो. भांड्याचं तापमान किती होईल हे त्या वेगावर आणि ती उष्णता पुढे कुठे खर्च होते त्यावर ठरतं.

एक साधा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. दोन पातेल्यांत पाणी घ्या, सारख्याच आकाराचे बटाटे टाका, दोन्हींना उकळी आणा. मग एक मोठ्या आचेवर खळखळ उकळू द्या आणि दुसऱ्याचा गॅस इतका बारीक करा, की अधूनमधून बुडबुडा वर येईल एवढंच. मी थर्मामीटर घालून पाहिलं आहे, दोन्हीकडे आकडा तोच: १०० अंशांच्या आसपास. बटाटेही दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी शिजतात. खळखळणाऱ्या पातेल्याने जास्त काय केलं असेल तर पाणी उडवलं, खिडक्यांवर वाफ धरली आणि बटाटे एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा फोडल्या.

कारण असं, की पाणी एकदा उकळायला लागलं की जास्तीची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते आणि वाफ करणं हा फार खर्चिक प्रकार आहे. मोठ्या बर्नरची निम्मी उष्णता भांड्यात पोचते असं धरलं (बाकीची बाजूने हवेत जाते), तर एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळायला साडेतीन-चार मिनिटं लागतात. तेच पाणी पूर्ण आटवायला त्याच आचेवर आणखी पंचवीस मिनिटं. म्हणजे उकळी आणण्याच्या सातपट उष्णता नुसती वाफ होण्यात जाते. पाणी भांड्यात आहे तोवर ते असा लगाम घालून ठेवतं. तुम्ही कितीही गॅस जाळा, तापमान शंभरावर अडकलेलं राहतं.

यावरून पहिला हिशोब लागतो. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थाला मोठी आच फक्त उकळी येईपर्यंत हवी. उकळी फुटली की गॅस इतका कमी करायचा, की उकळी टिकेल पण भांडं आदळआपट करणार नाही. झाकण असेल तर मोठ्या आचेचा पाचवा-सहावा हिस्सा त्याला पुरतो. मधेच गार भाजी किंवा गार पाणी घातलं की उकळी बसते, तेव्हा पुन्हा गॅस मोठा करायचा आणि उकळी आली की पुन्हा कमी. प्रेशर कुकरमध्येही हेच घडतं. तिथे दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं एवढाच फरक. पूर्ण दाब आला की वरचं वजन जास्तीची वाफ सोडून देतं आणि आतलं तापमान तिथेच राहतं. त्यानंतर गॅस मोठा ठेवला तर शिट्ट्या वाढतात, शिजण्याचा वेग वाढत नाही.

आणि दुसरा हिशोब: पाणी संपलं, की लगाम सुटला. तोवर वाफ करण्यात जाणारी उष्णता आता सरळ तापमान वाढवायला लागते आणि ते झपाट्याने चढतं. स्वयंपाकातल्या करपण्याच्या बहुतेक गोष्टी या एका क्षणाच्या आहेत. कांदा परतताना तो क्षण डोळ्यांसमोर येतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

पाव किलो चिरलेला कांदा घेतला. कांद्यात दर १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ८९ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे आपल्या कढईत दिसायला कांदा आहे, पण त्यातला मोठा वाटा पाणीच आहे. चांगला तांबूस होईपर्यंत कांदा आकसून एक-तृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी तरी वाफ होऊन जायला हवं. तेवढी वाफ करायची उष्णता आणि कांदा तापवायची उष्णता असा जमाखर्च मांडला, तर मोठ्या बर्नरच्या मोठ्या आचेवर किमान साडेचार-पाच मिनिटं लागतात, मध्यम आचेवर दहा-अकरा आणि मंद आचेवर पंचवीसच्या आसपास. हा नुसता कागदावरचा हिशोब झाला, कढईत पोचलेली एक थेंबही उष्णता वाया न घालवता. प्रत्यक्षात कढई स्वतः तापते, हवेत उष्णता सोडते, आपण मधेच गॅस कमी करतो, त्यामुळे मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं धरावीत. ‘पाच मिनिटांत कांदा तांबूस’ असं कुठे वाचलं, तर लिहिणाऱ्याने एक तर अगदी थोडा कांदा घेतला होता किंवा घड्याळ बघितलं नव्हतं.

आता प्रत्यक्ष कढई. तेल मध्यम आचेवर तापू द्यायचं. ते पातळ होऊन तळावर सहज सरकायला लागलं आणि कांद्याचा एक तुकडा टाकल्यावर त्याच्याभोवती लगेच बुडबुडे आले, की तेल तयार. धूर निघाला तर फार तापलं. गॅस बंद करून थोडं निवू द्यायचं, त्यात तसाच कांदा लोटायचा नाही. कांदा पडला की चर्र असा मोठा आवाज होतो. तो आवाज तेलाचा वाटतो, पण खरं तर पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. पाव किलो गार, ओला कांदा पडल्यावर कढईचं तापमान एकदम खाली येतं, म्हणून या वेळी गॅस मोठा करायचा. पाण्याचा लगाम पूर्ण आहे, आता करपायची भीती फारशी नसते. पहिली तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवर हलवत राहिलं तरी चालतं.

याच वेळी गॅस मंद ठेवला किंवा लहानशा कढईत कांद्याचा ढीग भरला, तर वाफ निघण्यापेक्षा पाणी सुटण्याचा वेग जास्त होतो. कांदा स्वतःच्याच पाण्यात शिजत बसतो. आवाज चर्रवरून उतरून नुसती बारीक कुजबुज राहते, तळाशी पाणी दिसतं, कांदा मऊ आणि फिकट होतो. कधीकधी तेच हवं असतं, गोडसर मऊ कांदा लागतो तेव्हा. पण तांबूस करायचा असेल तर हा वेळ वाया गेला. मीठ आधी घातलं तर पाणी आणखी लवकर सुटतं, हेही लक्षात असू द्यावं.

चार-पाच मिनिटांनी आवाज बदलतो. ओला चर्र संपून कोरडी, बारीक चुरचुर ऐकू येते. वाफ विरळ होते. कांदा काचेसारखा दिसायला लागतो, आकसतो आणि त्याच्या कडेने तेल पुन्हा वेगळं दिसतं. पाण्याचा लगाम ढिला पडल्याची ही खूण. इथे गॅस मध्यमवर आणायचा. तुकड्यांच्या पातळ कडा आता कोरड्या झाल्यात, त्यांचं तापमान शंभराच्या वर सरकतंय, पण मधला गर अजून ओला आहे. रंग आणि खमंग वास देणारी रासायनिक क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे नजरेत भरेल इतकी जोर धरते. मोठीच आच ठेवली तर कडा काळ्या होतात आणि मधला भाग पांढराच राहतो. मध्यम आचेचा उपयोग इथे असा, की उष्णता कडेकडून आत जायला वेळ मिळतो.

मग येतो तो फसवा टप्पा. पहिली दहा मिनिटं रंग जवळजवळ हलत नाही, माणूस कंटाळून फोन बघायला लागतो आणि मग सोनेरीचा तांबूस दोन मिनिटांत होतो, तांबूसचा काळा त्याहूनही कमी वेळात. गॅस तर तेवढाच असतो. पण पाणी उडालेलं असल्यामुळे तेवढ्याच गॅसची उष्णता आता रंगावर खर्च होते. म्हणून कांदा सोनेरी दिसला की गॅस मंद करायचा आणि हवा त्यापेक्षा एक छटा अलीकडे असतानाच बंद करायचा. उरलेली छटा गरम कढई देते.

कडा जास्त पुढे जायला लागल्या किंवा तळाला तांबडा थर चिकटला, तर एक मोठा चमचा पाणी शिंपडायचं. आपण लगाम परत घालतो आहोत असं समजा. पंधरा ग्रॅम पाणी तापवून वाफ करायला मध्यम आचेची सुमारे एक मिनिटाची उष्णता खर्ची पडते, म्हणजे करपण्यापासून तुम्हाला मिनिटभर उसनं मिळालं. तळाचा थरही त्या पाण्यात सुटून कांद्याला लागतो. मात्र थर काळा झाला असेल तर तो सोडवायचा नाही, त्याचा कडूपणा सगळीकडे पसरतो. अशा वेळी न ढवळता वरचा कांदा दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा.

गॅस बंद केल्यावरही कांदा पुढे जातो, हे भांड्याच्या जाडीचं काम. दोन किलोची लोखंडी कढई दोनशे अंशांवरून दीडशेवर येताना जेवढी उष्णता सोडते, ती मध्यम आचेच्या मिनिटभराच्या उष्णतेहून जास्त भरते. म्हणजे जाड भांड्यात तुम्ही नॉब फिरवता त्यानंतर मिनिट-दीड मिनिटाने भांड्याला ते कळतं. पातळ ॲल्युमिनियमचं भांडं लगेच ऐकतं, पण त्याच्या तळात उष्णता पसरायला जागा नसते, त्यामुळे ज्योतींच्या कड्याच्या बरोबर वर गोल डाग करपतो आणि मधला भाग कोराच राहतो. जाड भांड्यात आच आधीपासून जपून वाढवावी आणि वेळेआधी कमी करावी. घाई असेल तर नॉबच्या भरवशावर न राहता कढई सरळ उचलून बाजूला ठेवावी. आच शून्य करण्याचा त्याहून वेगवान मार्ग नाही.

हीच गोष्ट पदार्थाच्या दाटपणाची. पातळ सूप तळाशी तापलं की तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर येतं आणि गार पाणी खाली जातं. सूप स्वतःच स्वतःला ढवळतं, म्हणून मोठी आच सोसतं. तेच सूप दाट झालं की हे फिरणं थांबतं. तळाचा थर तिथेच बसून राहतो, त्यातलं पाणी उडतं आणि वरून बोट बुडवावं इतकं कोमट असताना खाली ते लागलेलं असतं. वरचा जाड थर फोडून मधूनच एखादा बुडबुडा फटकन उडाला, हातावर चटका बसला, की समजावं तळाशी वाफ कोंडते आहे आणि आच जास्त आहे. दाट पदार्थाला मंद आच आणि तळ खरवडत ढवळणं, दोन्ही लागतं. नुसतं वरवर ढवळलं तर तळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दूध पातळ असूनही लागतं आणि उतूही जातं, कारण त्यातली प्रथिनं तापल्यावर तळाला चिकटतात आणि वर साय धरतात. सायीखाली वाफेचे बुडबुडे अडकतात, फेस चढतो. मोठ्या आचेवर तो पातेल्याच्या काठापर्यंत यायला काही सेकंद पुरतात, मध्यम आचेवर निदान नॉबपर्यंत हात पोचतो.

आता थोडं ज्योतीच्या दिसण्याबद्दल. भांड्याच्या बुडाबाहेर वर चढणारी ज्योत स्वयंपाक लवकर करत नाही. ती बाजू तापवते, मूठ तापवते, कडेचा मसाला जाळते आणि बाकीची हवेत जाते. लहान भांड्याला लहान बर्नर, हा त्यावरचा सोपा उपाय. ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी, लांब, हेलकावे खाणारी झाली आणि भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाहीये. बर्नरची छिद्रं बुजली असतील किंवा टोपी नीट बसली नसेल. बर्नर गार झाल्यावर छिद्रं साफ करून, पूर्ण वाळवून परत बसवावा आणि तरीही ज्योत पिवळीच राहिली तर शेगडी तपासून घ्यावी, कारण अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. खारं पाणी सांडल्यावर मात्र ज्योतीत नारिंगी फटकारे दिसतात, ते मिठातल्या सोडियममुळे. त्याने घाबरायचं कारण नाही, थोड्या वेळात ते जातात.

मंद आचेचा एक धोका वेगळा सांगायला हवा. ज्योत इतकी छोटी असते, की वाऱ्याची झुळूक किंवा उतू गेलेलं दोन चमचे पाणी तिला विझवू शकतं आणि नॉब उघडाच राहतो. काही शेगड्यांवर ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असते. पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो तो तिच्याचसाठी. तशी सोय नसेल तर मंद आचेवर भांडं ठेवून घराबाहेर जाऊ नये. गॅसचा वास आला तर नॉब बंद, खिडक्या-दारं उघडी आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात नाही.

मंद आचेची खरी कसोटी भातात लागते. दोनशे ग्रॅम तांदूळ, चारशे मिलिलिटर पाणी, घट्ट झाकण. उकळी येईपर्यंत मोठी आच, सुमारे तीन मिनिटं. त्यानंतर तांदळाला पाणी शोषून आतपर्यंत शिजायला बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि हा वेळ आच वाढवून कमी होत नाही, कारण तापमान शंभरावरच अडकलेलं असतं. मोठ्या आचेवर मात्र दर मिनिटाला चाळीस मिलिलिटरपर्यंत पाणी वाफ होऊन जातं. काही पाणी तांदूळ पितो, काही उडून जातं आणि सहा-सात मिनिटांत तळ कोरडा पडतो. वरचा भात तेव्हा कच्चा असतो आणि खालचा करपायला लागलेला असतो. पुष्कळ जण मग पुढच्या वेळी पाणी वाढवतात. त्याने भात वर चिकट आणि खाली तसाच लागलेला होतो. पाणी बरोबरच होतं, आच चुकली होती.

म्हणून उकळी आली, की सगळ्यात मंद. मोठ्या बर्नरची मंद आचही जास्त वाटली तर पातेलं लहान बर्नरवर हलवावं किंवा खाली जाड तवा ठेवावा. तवा उष्णता पसरवतो आणि तिचा वेगही कमी करतो. आच बरोबर आहे का ते झाकण न काढता कळतं. झाकण खडखडत असेल आणि वाफेचा झोत जोरात येत असेल तर अजून कमी करायला हवी. झाकणाच्या कडेने वाफेची बारीक रेघ येत असेल तर ठीक. कान जवळ नेला तर आधी बारीक बुडबुड ऐकू येते. ती थांबून हलकी तडतड सुरू झाली, की तळाचं मोकळं पाणी संपलं. त्या आवाजाला गॅस बंद करायचा, भाजल्यासारखा वास येण्याची वाट बघायची नाही. भात तेव्हा वरून थोडा ओलसर असतो आणि शितं मधे किंचित टणक असतात. झाकण तसंच ठेवून दहा मिनिटं थांबलं, की पातेल्यात कोंडलेली वाफ आणि तळाची उष्णता उरलेलं काम करतात. मग काट्याने अलगद मोकळा करायचा.